पुरळ अंगावर, आजार घशात

समजा, मुलगी सहा वर्षांची आहे, वजन 20 किलो. सोमवारी दुपारी शाळेतून आली ती मलूल होऊन. डबा तसाच परत. संध्याकाळी ताप 102 अंशांवर गेला, एकदा उलटी झाली, पोटात दुखतं म्हणाली. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असणार. रात्री पाणी पितानाही ती तोंड वेडंवाकडं करू लागली, तेव्हा कळलं की खरं दुखणं घशात आहे. सर्दी नाही, खोकला नाही, नाक वाहत नाही. नुसता घसा आणि ताप.

मंगळवारी संध्याकाळी आई ओल्या फडक्याने अंग पुसत होती. गळ्याखाली आणि छातीवर हात फिरवताना त्वचा खरखरीत लागली. दिव्याखाली नीट पाहिल्यावर अगदी बारीक, एकमेकांना लागून आलेले पुरळ दिसले. गाल लालसर, पण ओठांभोवतीची कातडी फिकट. जीभ बाहेर काढायला सांगितली तर तिच्यावर पांढरा थर, आणि त्या थरातून वर आलेले लाल ठिपके.

घसादुखी, खरखरीत बारीक पुरळ आणि अशी जीभ ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते स्कार्लेट फीव्हरचं. हा आजार प्रामुख्याने 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो, तीन वर्षांखालच्या बाळांमध्ये क्वचितच दिसतो. घरच्यांची सगळी काळजी अंगावरच्या पुरळाभोवती फिरत असते. पण पुरळ आपोआप जातं. लक्ष द्यायचं असतं ते घशाकडे.

घशातला जंतू, अंगभर विष

या आजारामागे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेस नावाचा जीवाणू असतो. त्याला गट ‘अ’चा स्ट्रेप्टोकॉकस किंवा थोडक्यात ‘स्ट्रेप’ म्हणतात. मुलांच्या घसादुखीत बहुतेक वेळा विषाणूंचा हात असतो, पण जी घसादुखी जीवाणूंमुळे होते तिच्यात हा सगळ्यांत महत्त्वाचा. शिंकेतून, खोकल्यातून, जवळून बोलताना उडणाऱ्या थेंबांतून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. शिरकाव झाल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांत घसा धरतो.

स्ट्रेपच्या काही वाणांकडे एक जादा हत्यार असतं. ते एक विशिष्ट विष तयार करतात. गंमत अशी की हे विष बनवण्याची जनुकं मुळात जीवाणूची नसतात. जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूबरोबर ती त्याच्यात आलेली असतात. जंतू टॉन्सिलवरच मुक्काम ठोकून राहतो, विष मात्र रक्तातून अंगभर फिरतं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे फुलतात. म्हणजे पुरळात जंतू नसतो. म्हणूनच पुरळावर लावलेल्या मलमाने किंवा पावडरीने आजार हटत नाही.

एकाच घरात धाकटीला पुरळ येतं आणि थोरल्या भावाचा नुसता घसा दुखतो, याचं कारणही इथेच सापडतं. जंतू दोघांच्या घशात एकच असेल, पण भावाच्या शरीरात त्या विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच तयार झालेली असू शकते. त्याला पुरळ आलं नाही म्हणून त्याची घसादुखी कमी महत्त्वाची ठरत नाही.

डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखा

वैद्यकाच्या पुस्तकांत या पुरळाचं वर्णन ‘शेंदरी लाल’ असं असतं. ती वर्णनं गोऱ्या कातडीची आहेत. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या मुलांच्या अंगावर ही लाली कित्येकदा उठूनच दिसत नाही. मग घामोळं समजून दोन दिवस निघून जातात. म्हणून हात फिरवून पाहणं महत्त्वाचं. बोटांच्या टोकांनी पोटावरून, छातीवरून हलकेच हात फिरवला तर सुताराकडच्या बारीक पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. रंग फसवा असू शकतो, हा खरखरीतपणा सहसा फसवत नाही.

पुरळ ताप आल्यावर साधारण 12 ते 48 तासांत उठतं. सुरुवात मान, छाती, काखा आणि जांघेतून होते, मग ते हातापायांवर पसरतं. कोपराच्या आतल्या घडीत आणि काखेत त्याचा रंग जास्त गडद होतो, तिथे आडव्या तांबूस-तपकिरी रेषा उमटतात. सावळ्या कातडीवर या रेषा बाकीच्या पुरळापेक्षा लवकर सापडतात, म्हणून हात सरळ करून कोपराची घडी अवश्य पाहावी. चेहऱ्यावर सुटे सुटे दाणे सहसा नसतात. गाल तापलेले आणि तोंडाभोवतीचं वर्तुळ फिकट, एवढंच दिसतं.

जिभेचं रूप दिवसागणिक बदलतं. पहिले दोन-तीन दिवस पांढरा थर आणि त्यातून डोकावणारे लाल उंचवटे. चौथ्या-पाचव्या दिवशी थर गळून पडतो आणि लालभडक, दाणेदार जीभ उरते. हिलाच डॉक्टर स्ट्रॉबेरी जीभ म्हणतात. त्यामुळे पहिल्या दिवशी जीभ पांढरी होती आणि शुक्रवारी लाल झाली, म्हणून आजार बळावला असं समजायचं कारण नाही.

घसा पाहताना डॉक्टर टॉर्चच्या उजेडात टॉन्सिल बघतात. ते सुजलेले, लाल, बऱ्याचदा पांढरट पू धरलेले असतात. टाळूवर बारीक लाल ठिपके असू शकतात. जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज आणि लाल डोळे नसणं हीदेखील एक खूणच आहे, कारण ही लक्षणं असली तर संशय विषाणूकडे जातो.

दिसायला सारखे, पण वेगळे

ताप आणि पुरळ एकत्र दिसले की आपल्या घरांत पहिला शब्द येतो तो गोवर. गोवरात पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरतं, त्याआधी तीन-चार दिवस जोराची सर्दी, खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. स्कार्लेट फीव्हरमध्ये हे नसतं. अनेक घरांत अजूनही ‘अंगावर आलंय’ म्हटलं की कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवतात आणि औषध बंद ठेवतात. पाल्याने काही बिघडत नाही. पण औषध थांबवल्याने घशातल्या जंतूला मोकळं रान मिळतं.

जास्त सावध राहायचं ते कावासाकी नावाच्या आजाराबाबत. तोही लहान मुलांचा, बहुधा पाच वर्षांखालच्या. त्यातही पुरळ येतं आणि जीभ अगदी अशीच लाल, दाणेदार होते. पण ताप पाच दिवस किंवा त्याहून जास्त हटत नाही, दोन्ही डोळे लाल होतात पण त्यांतून चिकटा येत नाही, ओठ सुकून फुटतात, हातापायांचे पंजे सुजतात. हा आजार हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर घाला घालतो आणि त्याचे खास उपचार पहिल्या दहा दिवसांत झाले तर धोका खूप कमी होतो. म्हणून अँटिबायोटिक सुरू करून 48 तास झाले तरी ताप हटत नसेल, तर औषध नुसतं बदलून घेऊ नये. मुलाची पुन्हा पूर्ण तपासणी व्हायला हवी.

एक पारखणी घरच्या घरी करता येते. पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबून धरावा. स्कार्लेट फीव्हरचं पुरळ दाबाखाली फिकं पडतं. अपवाद फक्त घड्यांमधल्या त्या रेषांचा, त्या दाबल्या तरी राहतात. अंगावर इतरत्र लाल-जांभळे ठिपके दाबूनही जात नसतील, तर तो त्वचेखालचा रक्तस्राव असू शकतो. डेंग्यूपासून मेंदूज्वरापर्यंत त्याची कारणं गंभीर असतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कोणती तपासणी, कोणती नको

लक्षणं इतकी ठसठशीत असतील तर अनुभवी डॉक्टर त्यांवरूनही उपचार सुरू करतात. खात्री करायची असेल तर घशाचा स्वॅब घेतात. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर नीट फिरवावी लागते. मूल उमाळे काढतं, पण हे दोन सेकंदांचं काम आहे. काडी नुसती जिभेला लागून परत आली तर अहवालाला अर्थ उरत नाही. झटपट चाचणीचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, कल्चरला एक-दोन दिवस लागतात. स्वॅब अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधीच घ्यायला हवा.

आपल्याकडे बऱ्याचदा या वेळी एएसओ नावाची रक्ततपासणी सांगितली जाते. ताज्या घसादुखीचं निदान करायला ती उपयोगाची नाही. ती जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मोजते आणि ती वाढायला आठवडा तरी लागतो. तीन ते सहा आठवड्यांनी ती सर्वांत वर असतात. शाळकरी वयात पूर्वी केव्हातरी होऊन गेलेल्या स्ट्रेपमुळेही हा आकडा जास्त येतो. त्यामुळे आज आकडा कमी म्हणजे आजार नाही किंवा आकडा जास्त म्हणजे आजार आहे, असं दोन्ही म्हणता येत नाही. ही तपासणी नंतर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास उद्भवला, तर मागे स्ट्रेप होऊन गेला होता का हे कळायला उपयोगी पडते.

बाटली संपते, कोर्स संपत नाही

उपचार जुना, स्वस्त आणि खात्रीचा आहे. पेनिसिलिन किंवा त्याच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस. या जंतूवर पेनिसिलिन चालेनासं झाल्याचं आजवर दवाखान्यांत दिसलेलं नाही. बाकी कितीतरी जंतूंनी औषधांना दाद देणं सोडलं असताना ही मोठीच सोय आहे. अझिथ्रोमायसिनबाबत मात्र तसं नाही, त्याला न जुमानणारे स्ट्रेप सापडतात. ‘तीन दिवसांत तीन गोळ्या’ सोप्या वाटतात, पण ज्यांना पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठीच तो पर्याय राखून ठेवावा, आणि तोही डॉक्टर सांगतील तितके दिवस.

आपल्या 20 किलोच्या मुलीचा हिशेब पाहू. अमॉक्सिसिलिनचं नेहमीचं प्रमाण दिवसाला दर किलोमागे 50 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम. म्हणजे तिला दिवसाला 1000 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ 500. सिरप 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅमचं असेल तर एका वेळी 10 मिलिलिटर, दिवसाला 20. दहा दिवसांना 200 मिलिलिटर लागतात. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बऱ्याचदा 60 मिलिलिटरची, काही वेळा 30 चीच असते.

बुधवारी सकाळी डॉक्टरांना दाखवून औषध सुरू केलं, तर 60 ची बाटली शुक्रवारी रात्री संपते. नेमका याच सुमाराला ताप उतरलेला असतो, घसा मोकळा होतो, मुलगी खेळायला लागते. बाटली रिकामी आणि मूल हसरं, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात आणि घरच्यांना वाटतं की कोर्स पूर्ण झाला. प्रत्यक्षात दहापैकी तीनच दिवस झालेले असतात. या हिशेबाने तिला तशा चार बाटल्या लागतात, आणि शेवटचा डोस पुढच्या शुक्रवारी रात्री असतो. मेडिकलमधून निघण्यापूर्वीच हा भागाकार करून घ्यावा. पावडरीत पाणी घालून बनवलेलं सिरप लेबलवरच्या मुदतीतच वापरायचं असतं, म्हणून सगळ्या बाटल्या एकदम कालवून ठेवू नयेत. सिरप नको असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. हा हिशेब समजून घेण्यासाठी आहे. आपल्या मुलाचं प्रमाण त्याच्या वजनावरून डॉक्टरच ठरवतील.

दहा दिवस औषध पोटात जाण्याची खात्री नसेल तर दुसरा रस्ता आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, 27 किलोखालच्या मुलाला 6 लाख युनिट, त्यावरच्याला 12 लाख. ते दुखतं, पण एका टोचणीत काम होतं. ते अ‍ॅलर्जीची विचारपूस करून, जिथे तातडीच्या उपचारांची सोय आहे अशाच ठिकाणी घ्यावं.

तापासाठी पॅरासिटामॉल, घशासाठी कोमट किंवा गार जे आवडेल ते पातळ अन्न: पेज, ताक, सूप. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. औषध सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप नसेल तर मुलापासून इतरांना सहसा लागण होत नाही, ते शाळेत जाऊ शकतं. घरातल्या बाकी कुणाचा घसा दुखत असेल तर त्यांना दाखवावं. काही त्रास नसलेल्यांना उगाच अँटिबायोटिक देऊ नये.

दहा दिवस कशासाठी

पुरळ आठवड्याभरात ओसरतं. ताप औषधाविनाही काही दिवसांत उतरला असता. तरीही दहा दिवसांचा आग्रह का, याचं उत्तर हृदयात आहे.

या जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्याच हृदयावर, सांध्यांवर आणि मेंदूवर उलटते. घसादुखीनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी ताप आणि सांधेदुखी सुरू होते. आज गुडघा सुजतो, परवा तो बरा होऊन घोटा सुजतो. याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांधे पूर्ववत होतात, हृदयाची झडप मात्र कायमची बिघडू शकते. डाव्या बाजूची माइट्रल झडप आखडलेली किंवा गळकी झालेले तरुण रुग्ण भारतातल्या सरकारी रुग्णालयांत आजही येतात. कितीतरी मुलींना हा बिघाड गरोदरपणात धाप लागायला लागल्यावर पहिल्यांदा कळतो. ज्यांना एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला, त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी अनेक वर्षं घ्यावं लागतं.

हे टाळता येतं, हे 1950 साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर सिद्ध झालं. तिथल्या सैनिकांमध्ये स्ट्रेपच्या साथी सतत येत. डेनी, वॅनमेकर, रॅमेलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घसा धरलेल्या सुमारे 800 सैनिकांना पेनिसिलिन दिलं आणि जवळपास तेवढ्याच जणांना दिलं नाही. औषध न मिळालेल्यांपैकी 17 जणांना ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला, औषध मिळालेल्यांपैकी दोघांना. पुढे असंही दिसलं की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी हृदयाचं रक्षण होतं. म्हणजे कल्चरच्या अहवालासाठी दोन दिवस थांबावं लागलं तर घाबरायला नको. दोन आठवडे ‘बघू’ म्हणत काढणं मात्र महागात पडतं.

मूत्रपिंडाचं तसं नाही. घसादुखीनंतर एक-दोन आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. ती अँटिबायोटिक पूर्ण घेऊनही टळेलच अशी हमी नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवी कमी आणि गडद तपकिरी, डोकेदुखी, अशी तिची चाहूल असते. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब वाढत असल्याने डॉक्टरांनी पाहणं गरजेचं असतं.

साल निघते तेव्हा

पुरळ गेल्यावर आठवड्याभराने बोटांच्या टोकांवरची, तळहात-तळपायांची आणि जांघेतली कातडी सोलून निघू लागते. काही मुलांमध्ये हे कित्येक आठवडे चालतं. हा बरं होण्याचाच टप्पा आहे. त्यातून कुणाला लागण होत नाही. ओढून काढू नये, घासू नये, कोरडं वाटलं तर खोबरेल तेल लावावं. कधी कधी मूळ आजार लक्षातच आलेला नसतो आणि बोटांची साल निघालेली पाहून पालक पहिल्यांदा डॉक्टरांकडे येतात. तेव्हाही मागच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि घसादुखी होती का, हे आठवून सांगावं. ताप पाच दिवसांहून जास्त टिकला होता का, हेही सांगावं, कारण कावासाकीतही बोटांची साल अशीच निघते.

आजाराच्या दिवसांत काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये. थुंकी गिळता न येणं आणि लाळ गळणं, तोंड उघडता न येणं, आवाज घोगरा होऊन अडकल्यासारखा येणं, मानेच्या एका बाजूला मोठी सूज, धाप लागणं, मूल गुंगीत असणं, हातपाय गार पडणं, बऱ्याच तासांत लघवी न होणं किंवा एखाद्या हातापायात असह्य दुखणं. यांतलं काहीही असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं.

बाकी बहुतेक मुलांसाठी हा आठवड्याभरात विसरला जाणारा आजार आहे. पालकांनी फक्त एवढं करावं: पहिला डोस दिला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस धरून दहाव्या दिवसाची तारीख गोल करून ठेवावी, आणि त्या रात्रीचा डोस पोटात गेल्याशिवाय औषध बंद करू नये. त्यानंतरचे तीन आठवडे सांधे, श्वास आणि लघवीचा रंग यांवर नजर ठेवावी. काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडे जाताना पहिलं वाक्य हेच असू द्या की, ‘मागच्या महिन्यात हिला घसादुखी आणि अंगावर पुरळ आलं होतं.’